एफडी मोडण्याआधी फाईल दाखवा: व्हिसाची गॅरंटी न देता भरवसा देणारी हेडलाईन

प्रश्न: सर, आमची डेक्कनला छोटी स्टडी अब्रॉड कन्सल्टन्सी आहे, मुख्यतः यूके आणि जर्मनी करतो. सीझनच्या आधी फ्लेक्स आणि गूगलवर अ‍ॅड टाकायचीये. आजूबाजूचे सगळे '१००% व्हिसा' लिहितात, आम्हाला ते लिहायचं नाहीये. पण 'आम्ही मार्गदर्शन करतो' लिहिलं तर फारच मिळमिळीत वाटतं. पालकांना भरवसा वाटेल अशी हेडलाईन काय लिहू?

उत्तर:

आधी हेडलाईनच देऊन टाकतो, मग ती कुठून आली ते सांगतो.

एफडी मोडण्याआधी फाईल दाखवा.

आणि त्याच्या खाली, वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात: कुठल्या देशाला किती रक्कम, कोणाच्या खात्यात, किती दिवस, ते पहिल्या भेटीत लेखी देतो. व्हिसाचा निर्णय त्या देशाचा.

बस एवढंच. ह्यात व्हिसा मिळेल असं कुठेही म्हटलेलं नाही, उलट तो कोण देतो हे सरळ सांगितलंय, आणि तरी वाचणाऱ्या बापाला वाटतं की ह्या लोकांना माझी अडचण माहितीये. भरवसा तिथून येतो.

आता हे कुठून सुचलं. काही वर्षांपूर्वी कर्वे रोडच्या एका कन्सल्टन्सीचं काम माझ्याकडे होतं, त्यांचंही म्हणणं सेम तुमच्यासारखं. मी त्यांना म्हटलं मला ब्रोशर नको, ब्रीफ नको, मला शनिवारी तुमच्या ऑफिसात कोपऱ्यात बसू द्या. शनिवार कारण त्या दिवशी आईबाबा दोघं येतात. एक काकू आल्या, हातात ती बटणवाली प्लॅस्टिकची फाईल, त्यात एफडीच्या पावत्या, लॅमिनेट केलेली मार्कशीट, पासबुकाच्या झेरॉक्स. मुलगा मोबाईलमध्ये. कौन्सिलर रँकिंग, कोर्स, पोस्ट स्टडी वर्क वगैरे सांगत होता आणि काकू मान डोलावत होत्या, पण सगळं झाल्यावर त्यांनी एकच विचारलं: "मग ही मोडू का आता? सप्टेंबरात मॅच्युअर होतीये, व्याज बुडेल ना हो." त्यानंतर जे दोन-तीन पालक आले त्यांचाही शेवटचा प्रश्न पैशाचाच. व्हिसा मिळेल का असं थेट फार कमी जण विचारतात हो, म्हणजे मनात असतंच, पण तोंडावर येतं ते 'पैसे कधी हलवायचे' ह्या रूपात. कारण व्हिसा नाही मिळाला तर वाईट वाटेल, पण एफडी मोडून, सोनं गहाण टाकून, फ्लॅटवर लोन घेऊन मग नाही मिळाला तर काय, ही खरी धास्ती आहे.

आणि गंमत म्हणजे ह्या प्रश्नाचं पक्कं उत्तर तुमच्याकडे असतं. व्हिसा मिळेल का ह्याचं नसतं, पण एफडी मोडायची का ह्याचं असतं. म्हणून मी तिथे हेडलाईन लावली. जे तुम्हाला खरंच ठामपणे सांगता येतं तेच ठामपणे सांगायचं, मग आवाज आपोआप ठाम येतो, '१००%' ओढूनताणून आणावं लागत नाही.

तुम्ही यूके करता म्हणून यूकेचंच उदाहरण घेऊ, कारण तुमच्या कौन्सिलरला हे उत्तर झोपेतून उठवलं तरी देता आलं पाहिजे, नाहीतर हेडलाईन खोटी पडेल. यूकेच्या स्टुडंट व्हिसाला पहिल्या वर्षाची राहिलेली फी अधिक जास्तीत जास्त ९ महिन्यांचा राहण्याचा खर्च एवढी रक्कम दाखवावी लागते, लंडन असेल तर दर वेगळा, लंडनबाहेर वेगळा. ही रक्कम सलग २८ दिवस खात्यात असली पाहिजे आणि तो २८ दिवसांचा शेवट अर्ज भरायच्या आधीच्या ३१ दिवसांत आला पाहिजे. खातं मुलाचं स्वतःचं किंवा आईवडिलांचं. आईवडिलांचं असेल तर जन्मदाखला आणि त्यांचं संमतीपत्र. मामाने प्रेमाने स्वतःच्या खात्यात ठेवलेले ३० लाख इथे चालत नाहीत, आणि हे बऱ्याच घरात शेवटच्या आठवड्यात कळतं.

आता समजा एका घराला ३२ लाख दाखवायचे आहेत. बाबांनी १ जूनला एफडी मोडून ३५ लाख सेव्हिंगला घेतले. २८ जूनला २८ दिवस पूर्ण झाले असते. पण १९ जूनला धाकटीच्या कॉलेजची फी आणि बाहेर निघालेल्या मुलाचा लॅपटॉप मिळून ४ लाख त्याच खात्यातून गेले. राहिले ३१. घरच्यांना वाटतं किरकोळ आहे, २४ जूनला दीड लाख परत टाकले, झालं की. पण मोजणी २४ जूनपासून नव्याने सुरू होते आणि २८ दिवस भरतात २१ जुलैला. म्हणजे तेवीस दिवस गेले, आणि कोर्स सप्टेंबरात. बरं, पाउंडाचा भाव अर्जाच्या दिवसाचा धरतात, त्यामुळे अगदी काठावर रक्कम ठेवली आणि पाउंड वर गेला तरी पंचाईत. ह्यात मुलाचे मार्क, युनिव्हर्सिटी, इंग्लिश कशाचाही संबंध नाही, निव्वळ खात्यातला एक व्यवहार.

आणि मुळात एफडी मोडायची गरज होती का? एफडी कधीही मोडून पैसे काढता येण्यासारखी असेल, बँक तसं लिहून देत असेल, नावं बरोबर असतील, तर बऱ्याचदा ती तशीच दाखवता येते. लोन असेल तर मान्यताप्राप्त बँकेच्या सँक्शन लेटरवर काम होतं, त्याला २८ दिवसांची अट लागत नाही, पण पत्र अर्जाच्या आधीच्या ६ महिन्यांतलं लागतं. म्हणजे काकूंना "अहो थांबा, मोडू नका" असं सांगता आलं असतं. जर्मनीचं मात्र उलट. तिथे ब्लॉक्ड अकाउंट लागतं, म्हणजे ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते असं खातं, सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो, ते पैसे खरोखर तिकडे पाठवायला लागतात, एफडीची पावती दाखवून भागत नाही. आणि त्याच्याही आधी एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे शिक्षणाचे कागद तपासल्याचा दाखला, जो भारतातल्या मुलांना नोव्हेंबर २०२२ पासून लागतं. त्यामुळे जर्मनीवाल्याला तुम्ही सांगाल "मोडायला लागेल, पण आत्ता नको, एपीएस आणि अ‍ॅडमिशन हातात येऊ द्या."

लक्षात आलं ना? हेडलाईन दोन्हीकडे खरी राहते. उत्तर 'मोडा' असो वा 'मोडू नका', 'आधी दाखवा' हे बरोबरच. चांगल्या हेडलाईनची माझ्या मते ही मोठी खूण आहे, की गिऱ्हाईक आत आल्यावर कुठल्याही केसमध्ये ती खोटी पडत नाही.

आता तुम्ही म्हणाल की बाकीच्यांचं '१००% व्हिसा' चालतंय की. चालतंय, खरंय. पण ते कशावर चालतं ते बघा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आहे, त्यांना फसव्या जाहिरातीसाठी १० लाखांपर्यंत दंड लावता येतो, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. लोक तक्रार करत नाहीत म्हणून फ्लेक्स टिकतात. आणि दुसरं, लोकांना वाटतं खाली बारीक अक्षरात इंग्लिशमध्ये 'कंडिशन्स अप्लाय' टाकलं की सुटलो. नाही सुटत. २०२२ च्या जाहिरातींच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट आहे की खुलासा दाव्याच्याच भाषेत पाहिजे, त्याच फॉन्टमध्ये पाहिजे, आणि मोठा दावा एक आणि खुलासा त्याच्या विरुद्ध असं चालत नाही. म्हणजे वर मराठीत 'हमखास व्हिसा' आणि खाली मुंगीएवढ्या इंग्लिशमध्ये 'व्हिसा इज सब्जेक्ट टू...' हे चुकीचंच आहे. म्हणून माझ्या मसुद्यात 'व्हिसाचा निर्णय त्या देशाचा' ही ओळ मराठीतच आहे, दाव्याच्या शेजारीच आहे, आणि ती लपवायची गोष्ट नाहीये. उलट ती वाचून पालकांचा विश्वास वाढतो असा माझा अनुभव आहे. आपल्याकडे माणूस जेवढं जास्त 'नक्की नक्की' म्हणतो तेवढा पुणेकर भुवई वर करतो.

तिथे 'दूतावासाचा' न लिहिता 'त्या देशाचा' असं मुद्दाम लिहिलंय. अमेरिकेचा व्हिसा खिडकीमागचा कॉन्सुलर अधिकारी ठरवतो, तिथे कायद्याच्या २१४ बी कलमाखाली सुरुवातच अशी असते की तुम्ही कायमचे राहायला चाललाय असं गृहीत, आणि नाही हे तुम्ही पटवायचं. पण यूकेचं होम ऑफिस ठरवतं, ऑस्ट्रेलियाचं त्यांचं गृहखातं, कॅनडाचं त्यांचं इमिग्रेशन खातं. आणि पालक तर अनेकदा व्हीएफएसलाच दूतावास समजतात, ते तर फक्त कागद आणि बोटांचे ठसे घेतात. ह्या छोट्या गोष्टी आहेत, पण ह्याच धंद्यातला कोणी जाणकार तुमची जाहिरात वाचतो तेव्हा त्याला लगेच कळतं की लिहिणाऱ्याला विषय माहितीये.

आता आकड्यांकडे. तुमच्या मनात येणारच, की गॅरंटी नको तर '९५% सक्सेस रेट' लिहू, ते तर खरं आहे आमचं. इथे जरा थांबा, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच आहे.

समजा गेल्या वर्षी तुमच्याकडे ६० मुलांनी फी भरून नाव नोंदवलं. त्यातल्या ४८ जणांना कुठेतरी अ‍ॅडमिशन मिळाली. त्यातल्या ४० जणांनी व्हिसाचा अर्ज केला, ८ जणांचं पैशाचं जमलं नाही किंवा मन बदललं. ४० पैकी ३२ जणांना पहिल्याच अर्जात मिळाला, ४ जणांना नकारानंतर दुसऱ्यांदा मिळाला, ४ जणांना नाहीच मिळाला. आता सक्सेस रेट किती? अर्ज केलेल्यांपैकी शेवटी मिळालेले धरले तर ४० पैकी ३६, म्हणजे ९०%. पहिल्या अर्जाचेच धरले तर ८०%. आणि ज्या बापाने तुमच्याकडे फी भरली त्याच्या बाजूने बघितलं तर ६० पैकी ३६, म्हणजे ६०%. तिन्ही आकडे खरे! फ्लेक्सवर कुठला लागणार ते मला सांगायची गरज नाही. आणि वाचणारा काय समजणार? की माझ्या मुलाला ९०% चान्स आहे. तर तसं अजिबात नसतं, कारण तुमच्या ४० मध्ये यूकेचे किती, कोणाच्या शिक्षणात गॅप, कोणाचा आधी नकार आलेला, हे सगळं त्या आकड्यात विरघळून जातं. त्यात नियम मधेच बदलतात. कॅनडाने ८ नोव्हेंबर २०२४ ला एसडीएस हा फास्ट मार्ग एका दिवसात बंद केला, त्याच्या आधीचा तुमचा कॅनडाचा आकडा दुसऱ्या दिवसापासून जुनाच झाला.

तरी आकडा वापरायचाच असेल तर हेडलाईनमध्ये नको, वेबसाईटवर एका पानावर टाका आणि तिन्ही टाका, देशवार, वर्षवार. बहुतेक कन्सल्टन्सी हे करणार नाहीत. म्हणूनच जो करेल त्याची हेडलाईन होऊ शकते: 'आमचे नकारही वेबसाईटवर लावलेत.' ही मी अजून कोणाकडून करून घेऊ शकलेलो नाही, प्रत्येक मालक शेवटच्या क्षणी माघार घेतो. तुमच्यात हिंमत असेल तर करून बघा, पण मग आकडे खरंच ठेवायला लागतील, आणि मुलांची नावं-गावं न देता.

'व्हिसा नाही तर फी परत' हा पण एक प्रकार चालतो, ह्याबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. तांत्रिकदृष्ट्या हे तुमच्या हातातलं वचन आहे, तुमची फी तुम्ही परत देऊ शकता. पण वाचणारा ते 'एवढी खात्री आहे म्हणून तर म्हणतायत ना' असं वाचतो, म्हणजे मागच्या दाराने गॅरंटीच झाली. शिवाय वाद हमखास होतो, कारण पालकाच्या डोक्यात फी म्हणजे सगळेच पैसे, त्यात व्हिसाची फी, युनिव्हर्सिटीचं डिपॉझिट, कुरिअर, सगळं आलं. तुम्ही परत देणार तुमची सर्व्हिस फी. आणि खरा धोका ऑफिसच्या आत आहे. कौन्सिलरच्या पगारातून रिफंड कापला जायला लागला की तो अवघड मुलांना टाळायला लागतो, किंवा त्याहून वाईट, कागदांवर 'थोडं अ‍ॅडजस्ट' करायला लागतो. खोटं बँक स्टेटमेंट पकडलं गेलं तर एक नकार येऊन भागत नाही, यूकेत १० वर्षांची बंदी येऊ शकते. ती मुलाच्या नावावर लागते, कन्सल्टन्सीच्या नाही. त्यापेक्षा 'नकार आला तर दुसरी फाईल आम्ही पुन्हा फी न घेता करतो' हे मला जास्त आवडतं, पण हे हेडलाईनमध्ये नाही, भेटीत सांगायचं, आणि करारात लिहायचं.

आता जागेप्रमाणे काय बदलायचं.

फ्लेक्सला वरची हेडलाईन तशीच जाते. सिग्नलला थांबलेला माणूस पाच शब्दांपेक्षा जास्त वाचत नाही, ती चारच शब्दांची आहे. पण फोटो बघा हं. डिझायनर हमखास काय करतो, हसरा मुलगा, हातात पासपोर्ट, आणि त्यावर हिरवा 'अप्रूव्ह्ड'चा शिक्का. शब्दांत तुम्ही गॅरंटी दिली नाही आणि चित्राने देऊन टाकली. मी डिझायनरला सांगतो की शिक्का नको, विमान नको, बिग बेन नको. एफडीची पावती, चष्मा, पेन, आणि त्या पावतीवर कोणाचा तरी हात, 'थांबा' म्हटल्यासारखा. ते चित्र डेक्कनच्या गर्दीत वेगळं दिसतं कारण बाकी सगळीकडे विमानंच आहेत. आणि जुन्या विद्यार्थ्यांचे व्हिसासकट फोटो लावणार असाल तर त्यांची लेखी परवानगी घ्या, आणि व्हिसाच्या पानावरचा नंबर, जन्मतारीख दिसू देऊ नका, अर्ध्या पुण्याच्या इन्स्टावर ते उघडे पडलेले असतात.

गूगल सर्चचं गणित निराळं. तिथे एका हेडलाईनला ३० अक्षरं मिळतात आणि मराठीत काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळं वेगळं मोजलं जातं, त्यामुळे मराठी हेडलाईन दिसते त्यापेक्षा लांब भरते. आपली 'एफडी मोडण्याआधी फाईल दाखवा' ही २६ मध्ये बसते, 'व्हिसाचा निर्णय त्या देशाचा' २७ मध्ये. दोन्ही जातात. पण रिस्पॉन्सिव्ह अ‍ॅडमध्ये तुम्ही १५ पर्यंत हेडलाईन देता आणि गूगल त्यातल्या दोन-तीन स्वतःच्या मनाने जोडून दाखवतं. इथे एक फार खोडसाळ प्रकार होतो. एका क्लायंटने एक हेडलाईन दिली होती '१००% पारदर्शक', दुसरी 'यूके स्टुडंट व्हिसा', दोन्ही स्वतंत्रपणे निर्दोष. मग कोणीतरी शहाण्याने ती '१००% पारदर्शक' बदलून '१००% खात्रीचं काम' केलं. स्क्रीनवर आलं: '१००% खात्रीचं काम | यूके स्टुडंट व्हिसा'. झाली की गॅरंटी, कोणी न लिहिता! म्हणून माझा नियम, गूगलच्या हेडलाईनच्या यादीत कुठेही टक्केवारी नको, 'खात्री', 'पक्का', 'हमखास' नको, कारण शेजारी कोण येऊन बसेल ते तुमच्या हातात नाही. अ‍ॅड लाईव्ह करण्याआधी सगळ्या हेडलाईन कागदावर लिहून दोन-दोनच्या जोड्या मोठ्याने वाचायच्या, वीस मिनिटांचं काम आहे.

आणि निर्णयाची ओळ प्रत्येक वेळी दिसायलाच पाहिजे असेल तर ती पिन करा, पहिल्या किंवा दुसऱ्या जागेवर. तिसऱ्या जागेवर पिन केलेली दिसेलच असं नाही. मी एफडीची ओळ पहिल्या जागी आणि निर्णयाची दुसऱ्या जागी पिन करतो. गूगल कुरकुर करतं, अ‍ॅड स्ट्रेंग्थ कमी दाखवतं, दाखवू दे. खालच्या डिस्क्रिप्शनला ९० अक्षरं असतात, तिथे रक्कम-खातं-दिवस ही ओळ थोडी कापून घाला.

मुलांसाठी इन्स्टावर मात्र एफडीची हेडलाईन चालत नाही, बावीस वर्षांच्या पोराला एफडी म्हणजे बाबांचं खातं. तिथे मी 'एसओपी कॉपी केलाय? कळतं त्यांना.' असलं काहीतरी टाकतो, एसओपी म्हणजे हाच कोर्स का करायचाय हे सांगणारा अर्जासोबतचा निबंध. ती वेगळी गोष्ट आहे, त्यात आत्ता जात नाही.

हेडलाईन फायनल करण्याआधी एक चाचणी घ्या, फुकट होते. तुमच्या ओळखीतले चार-पाच पालक, धंद्याशी संबंध नसलेले, शक्यतो एखादे रिटायर्ड बँकवाले काका त्यात असू दे. त्यांना फ्लेक्सची प्रिंट दाखवा, काढून घ्या, आणि विचारा: "समजा ह्यांच्याकडे गेलात आणि मुलाला नकार आला, तर ह्यांना काय म्हणाल?" आवडली का, कशी वाटली, असलं काही विचारायचं नाही. कोणी म्हणालं "फसवलं की, व्हिसा देतो म्हणाले होते" तर एक शब्दही पुढे नेऊ नका, हेडलाईन परत लिहा. "पैशाचं त्यांनी नीट सांगितलं होतं का ते बघेन" असं आलं तर काम झालं. मी कर्वे रोडवाल्यांच्या वेळी आणखी एक मसुदा लावला होता, 'व्हिसाची काळजी आमच्यावर सोडा', मालकाला तो जाम आवडलेला. ह्या प्रश्नावर तो पहिल्याच काकांकडे आपटला. ते म्हणाले "काळजी त्यांच्यावर सोडली होती ना, मग जबाबदारी त्यांची." बरोबर होतं त्यांचं.

आता राहिलं ऑफिस. ही हेडलाईन लावली की लोक खरंच फाईल घेऊन येतील, आणि पहिल्या दहा मिनिटांत त्यांना पॅकेजचा चार्ट दाखवलात तर सगळं फुकट. एक पानी फॉर्म छापून ठेवा: देश, कोर्स कधी सुरू, किती रक्कम लागेल, कोणाच्या खात्यात चालेल, किती दिवस, एफडी आत्ता मोडायची की नाही, का, आणि खाली आजची तारीख व 'नियम बदलू शकतात, अर्जाआधी पुन्हा तपासा'. कौन्सिलरने भरायचा, सही करायची, झेरॉक्स ठेवायची. 'लेखी देतो' म्हटलंय ना, मग हेच ते लेखी. ह्याची सवय लागली की कौन्सिलरही फोनवर उगाच "होईल हो काकू, टेन्शन नका घेऊ" असं म्हणणं कमी करतात, कारण हाताने लिहिताना माणूस जपून लिहितो. तरी आठवड्यातून एकदा बहिणीला नाहीतर मित्राला सांगून अनोळखी नंबरवरून फोन लावायचा, 'व्हिसा नक्की होईल ना?' असं खोदून विचारायचं, आणि काय उत्तर मिळतं ते ऐकायचं. फ्लेक्सवर जे तुम्ही लिहायचं टाळलं ते रिसेप्शनवर बोललं जात असेल तर टाळून काय उपयोग.

रिझल्ट बघताना नुसत्या लीड मोजू नका. '१००% व्हिसा'च्या फ्लेक्सवर फोन जास्त येतात हे मी नाकारत नाही. पण त्यात दोन ठिकाणी नकार आलेले, कागद नसलेले, 'काहीतरी सेटिंग होईल का' विचारणारे किती असतात ते बघा. तुमच्या फोनच्या रजिस्टरमध्ये एक कॉलम वाढवा, पहिला प्रश्न काय विचारला. 'रक्कम किती लागेल', 'एफडी चालेल का', 'बाबांचं खातं चालेल का' असे प्रश्न यायला लागले तर हेडलाईन बरोबर माणसाला बरोबर कारणासाठी बोलावतीये. 'गॅरंटी आहे का' हाच प्रश्न वरचेवर यायला लागला तर चित्र तपासा, गूगलच्या जोड्या तपासा, कुठूनतरी ते वचन गळतंय.

आणि फ्लेक्स छापायला टाकण्याआधी रकमा आणि दिवस त्या-त्या देशाच्या सरकारी साईटवरून त्याच दिवशी बघून घ्या, आणि फ्लेक्सवर स्वतः रक्कम छापू नका, फॉर्मवरच ठेवा. फॉर्म दोन रुपयांत बदलतो.